तीनपैकी दोन

सोनोग्राफी करून बाहेर आलेल्या मुलीच्या हातातल्या कागदावर शेवटच्या ओळीत ‘पीसीओडी’ असं छापलेलं असतं आणि ती घरी पोचेपर्यंत त्याचा आजार झालेला असतो. आई शेजारणीला सांगते, शेजारीण वजन कमी करायला सांगते, मावशी म्हणते लवकर लग्न उरका. मुलीच्या रक्तात काय चाललंय, हे अजून कुणी पाहिलेलंही नसतं. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी पडद्यावर जे दिसलं ते लिहिलं, त्यात त्यांची चूक नाही. चूक होते ती त्या एका ओळीला निदान समजण्यात. पडद्यावरचं चित्र हा तीन पुराव्यांपैकी एक पुरावा आहे आणि खरं सांगायचं तर तिघांमधला सगळ्यात लेचापेचा.

त्या चित्रात दिसतं काय? बीजांडकोशाच्या कडेकडेने काळे गोल ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक फॉलिकल, म्हणजे स्त्रीबीज ज्यात वाढतं ती पाण्याची इवलीशी पिशवी. दर महिन्याला असे बरेच फॉलिकल वाढीला लागतात, त्यातला एक पुढे निघतो, साधारण 20 मिलिमीटरपर्यंत फुगतो, फुटतो आणि बीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये हा पुढे निघणारा फॉलिकल अनेकदा निघतच नाही. सगळे 2 ते 9 मिलिमीटरच्या आसपास रेंगाळतात आणि पडद्यावर त्यांची गर्दी दिसते. त्या गाठी नव्हेत, त्या काढायच्या नसतात आणि त्यांचा कॅन्सरही होत नाही. शिवाय विशी-पंचविशीतल्या कितीतरी निरोगी मुलींमध्ये, ज्यांची पाळी घड्याळासारखी येते, अशीच गर्दी असते. तरुण बीजांडकोशात फॉलिकल भरपूर असायचेच.

या आजाराची व्याख्या गेल्या शतकात सारखी बदलत आली आहे आणि ती का बदलली हे कळलं की अर्धा गोंधळ मिटतो. 1935 साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांचं वर्णन प्रसिद्ध केलं. बीजांडकोश मोठे, पाळी बंद किंवा विस्कळीत, काहींच्या अंगावर पुरुषी केस. त्या काळी सोनोग्राफी नव्हती, त्यामुळे बीजांडकोश बघायचा तर पोट उघडावं लागे. पुढे रक्तातले हार्मोन मोजता येऊ लागले. 1990 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या बैठकीत दोन अटी ठरल्या: बीज वेळेवर बाहेर न पडणं आणि अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी समजले जाणारे हार्मोन, जास्त असणं. दोन्ही हव्यात, आणि दुसरा आजार नसल्याची खात्रीही हवी. सोनोग्राफीला तिथे जागाच नव्हती.

2003 मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला तज्ज्ञ जमले आणि त्यांनी सोनोग्राफीला तिसरी अट म्हणून आत घेतलं; पण तिन्ही अटींचा आग्रह धरला नाही. विस्कळीत पाळी, जास्त अँड्रोजेन आणि फॉलिकलांची गर्दी, या तीनपैकी कुठल्याही दोन असल्या की पीसीओएस. आज आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर याच नियमाने चालतात. ‘कुठल्याही दोन’ या दोन शब्दांनी दार बरंच रुंद केलं. 2006 मध्ये अँड्रोजेनचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या एका संघटनेने हरकत घेतली, की अँड्रोजेन जास्त नसेल तर त्याला पीसीओएस म्हणूच नका. तो वाद आजही पुरता मिटलेला नाही.

यातला फरक किती मोठा आहे ते मुंबईतल्या एका पाहणीत स्पष्ट दिसतं. तिथल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने 15 ते 24 वर्षांच्या मुलींची तपासणी केली आणि 2014 मध्ये निष्कर्ष छापले. रॉटरडॅमच्या नियमाने त्यातल्या 22.5 टक्के मुलींना पीसीओएस होता. अँड्रोजेन सक्तीचं धरणाऱ्या नियमाने 10.7 टक्के. मुली त्याच, रक्त तेच, सोनोग्राफी तीच. निम्म्याहून जास्त मुली नुसत्या नियमाच्या बदलाने आजारी किंवा निरोगी ठरल्या. ‘आजकाल पाचपैकी एकीला पीसीओडी असतो’ असं जे कानावर येतं, त्यात असे आकडे मिसळलेले असतात. कोणत्या नियमाने, हे कुणी विचारत नाही.

कुठल्याही तीनपैकी दोन, म्हटलं की हिशेबाने चार प्रकारच्या स्त्रिया एकाच नावाखाली येतात. तिन्ही गोष्टी असलेली ती अ प्रकारातली. पाळी विस्कळीत, अँड्रोजेन जास्त, पण सोनोग्राफी स्वच्छ, ती ब. पाळी नियमित, पण अँड्रोजेन जास्त आणि फॉलिकलांची गर्दी, ती क. आणि पाळी विस्कळीत, सोनोग्राफीत गर्दी, पण अँड्रोजेन अगदी ठीक, ती ड. एकीच्या हनुवटीवर राठ केस, दुसरीचा चेहरा नितळ. एकीची पाळी दर 28 दिवसांनी, दुसरीची वर्षातून पाच वेळा. दोघींच्या फाइलवर नाव मात्र एकच. मधुमेह आणि रक्तातली चरबी बिघडण्याचा धोका सरासरीने अ आणि ब प्रकारांत जास्त असतो, ड मध्ये कमी. हा ‘सरासरीने’ शब्द ध्यानात ठेवा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

हे असं वेगवेगळं का होतं? स्त्रीच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉन बनतं, थोडं बीजांडकोशात, थोडं मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीत. बीजांडकोशातल्या ज्या पेशी ते बनवतात त्यांना हुकूम येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून, एलएच नावाच्या हार्मोनच्या रूपाने. पीसीओएस असलेल्या अनेकींमध्ये हे एलएच नेहमीपेक्षा भराभर सुटतं. म्हणजे एक कारण मेंदूकडचं.

दुसरं कारण इन्शुलिन. जेवणानंतरची साखर पेशींमध्ये पोचवणं हे त्याचं काम. काही स्त्रियांचे स्नायू इन्शुलिनचं म्हणणं नीट ऐकत नाहीत, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं. गंमत अशी, की स्नायूंनी पाठ फिरवली तरी बीजांडकोश फिरवत नाही. त्याच्यापर्यंत पोचलेलं जादा इन्शुलिन एलएचच्या हुकमाला जोर चढवतं आणि टेस्टोस्टेरॉन वाढतं. तिकडे यकृतावर आणखी एक परिणाम होतो. यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन तयार करतं, जे रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं. बांधलेलं टेस्टोस्टेरॉन जवळजवळ निरुपयोगी. काम करतं ते मोकळं. इन्शुलिन वाढलं की एसएचबीजी घटतं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, मग एकूण टेस्टोस्टेरॉनचा आकडा अहवालात कितीही शहाण्यासारखा दिसो.

कुणाच्या बाबतीत पहिलं कारण जोरात असतं, कुणाच्या दुसरं, बऱ्याच जणींच्या बाबतीत दोन्ही थोडंथोडं. 2020 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पीसीओएस असलेल्या स्त्रियांचे आकडे एकत्र मांडून पाहिले तेव्हा त्यांना दोन टोकं दिसली. एका टोकाला एलएच आणि एसएचबीजी जास्त, वजन आणि इन्शुलिन कमी. दुसऱ्या टोकाला वजन, साखर आणि इन्शुलिन जास्त, एलएच आणि एसएचबीजी कमी. मधे बराच मोठा घोळका होता जो कुठेच नीट बसत नव्हता. अ-ब-क-ड ही विभागणी डॉक्टरांनी बाहेरून पाहून केलेली; ही आतली.

शेवटी त्वचेचाही वाटा असतोच. केसांच्या मुळाशी एक एन्झाइम टेस्टोस्टेरॉनला आणखी तीव्र रूप देतं, आणि ते कुणात किती काम करतं हे घराण्यावर आणि वंशावर अवलंबून असतं. पूर्व आशियातल्या स्त्रियांमध्ये अँड्रोजेन तितकंच असूनही केस कमी दिसतात. म्हणून केसांची मोजणी करताना, ओठांच्या वर, हनुवटी, छाती, पोट, मांड्या अशा नऊ जागांना 0 ते 4 गुण देऊन बेरीज करतात आणि ‘जास्त’ म्हणायची रेषा स्त्रीच्या वंशानुसार 4 ते 6 गुणांवर धरतात. आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. मुलगी आदल्या दिवशी पार्लरमध्ये थ्रेडिंग आणि वॅक्सिंग करून येते आणि डॉक्टरांना तिचा चेहरा स्वच्छ दिसतो. त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही, तर तीनपैकी एक पुरावा पार्लरमध्येच राहून जातो.

आता एक उदाहरण घेऊ. स्नेहल कल्पनेतली आहे, पण तिच्यासारख्या मुली कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या दिसतील. वय 29, उंची 158 सेंटिमीटर, वजन 55 किलो. बीएमआय 22, म्हणजे कुणीही तिला सडपातळच म्हणेल. गेल्या वर्षात पाळी सातच वेळा आली, कधी 38 दिवसांनी तर कधी 55. पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाली की 21 दिवसांच्या आत किंवा 35 दिवसांच्या पुढे जाणारी, किंवा वर्षाला आठपेक्षा कमी वेळा येणारी पाळी विस्कळीत धरतात. एक पुरावा झाला. चेहऱ्यावर केस नाहीत, आणि विचारल्यावर ती सांगते की ती ते काढतही नाही. सोनोग्राफीत एका बीजांडकोशात 22 फॉलिकल आणि आकारमान 11 मिलिलिटर. दुसरा पुरावा.

या 22 ला अर्थ आहे. रॉटरडॅमला 12 फॉलिकल पुरेसे मानले होते. नंतर मशीन इतकी बारीक पाहू लागली की निरोगी मुलींमध्येही 12 सहज मोजता यायला लागले, म्हणून अलीकडच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ही रेषा एका बीजांडकोशात 20 फॉलिकल किंवा 10 मिलिलिटर आकारमान इथे नेली. 2023 च्या आवृत्तीने प्रौढ स्त्रियांसाठी सोनोग्राफीऐवजी रक्तातलं एएमएच मोजायलाही परवानगी दिली, कारण ते याच लहान फॉलिकलांमधून येतं. पण पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफी आणि एएमएच दोन्ही निदानासाठी वापरायचे नाहीत, असंही तिथे स्पष्ट आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला पीसीओएस म्हणायचं तर विस्कळीत पाळी आणि जास्त अँड्रोजेन दोन्ही हवेत. मुंबईच्या पाहणीतल्या वयाने लहान मुलींना आज हीच फूटपट्टी लावली तर 22.5 चा आकडा बराच खाली येईल. आणि बारावीतल्या मुलीला केवळ सोनोग्राफीवरून पीसीओडीचा शिक्का मारणं आता कुठल्याच नियमात बसत नाही.

स्नेहलकडे परत जाऊ. निदान पक्कं करण्याआधी पाळी लांबवणारे बाकीचे आजार वगळावे लागतात. थायरॉइडसाठी टीएसएच, मग प्रोलॅक्टिन, आणि अॅड्रिनल ग्रंथीच्या एका जन्मजात दोषासाठी 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. तिचे तिन्ही ठीक. (काही महिन्यांत आवाज घोगरा होणं, केस झपाट्याने वाढणं असं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तो पीसीओएसचा स्वभाव नव्हे, तिथे हार्मोन सोडणारी गाठ शोधावी लागते.) एकूण टेस्टोस्टेरॉन 46 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, लॅबने छापलेल्या मर्यादेच्या आत. म्हणजे स्नेहल ड प्रकारातली. सगळ्यात सौम्य, वजनही बेताचं. बरेच दवाखाने इथेच फाइल मिटतात.

तिच्या डॉक्टरांनी मात्र टेप काढून कंबर मोजली. 86 सेंटिमीटर. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी 80 च्या पुढची कंबर धोक्याची समजतात. केस वर करून मान पाहिली, तर मागच्या बाजूला त्वचा काळपट आणि मखमलीसारखी जाड झालेली. तिला वाटत होतं तो मळ आहे, ती रोज घासत होती. ती इन्शुलिन जास्त असल्याची खूण असते. वडिलांना मधुमेह, मावशीलाही. मग त्यांनी एसएचबीजी मोजायला सांगितलं. ते आलं 22 नॅनोमोल प्रति लिटर, म्हणजे बरंच खाली. आता तोच टेस्टोस्टेरॉनचा आकडा पुन्हा बघायचा. 46 ला 28.8 ने भागलं की तेच मोजमाप नॅनोमोलमध्ये येतं, सुमारे 1.6. त्याला 100 ने गुणून 22 ने भागलं की 7.3 येतात. याला मोकळ्या अँड्रोजेनचा निर्देशांक म्हणतात आणि 5 च्या वर तो साधारणपणे जास्त धरला जातो. एकूण टेस्टोस्टेरॉन ठीक, पण मोकळं जास्त. त्वचा मंद असल्यामुळे ते चेहऱ्यावर उमटलं नव्हतं इतकंच. स्नेहल ड मधून थेट अ मध्ये गेली.

पुढची चाचणी ग्लुकोजची. उपाशीपोटी साखर 94, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी 5.5, दोन्ही बिनघोर. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात पिऊन दोन तासांनी घेतलेली साखर मात्र 158. तिथे 140 च्या आत हवी, 200 ला मधुमेह. स्नेहल मधल्या पट्ट्यात आहे आणि नुसती उपाशीपोटीची साखर केली असती तर ते कळलंच नसतं. 2023 च्या सूचना सांगतात की पीसीओएस असलेल्या प्रत्येकीची, वय आणि वजन काहीही असो, साखर तपासावी, त्यासाठी ही दोन तासांची चाचणी सगळ्यात भरवशाची, आणि धोका पाहून एक ते तीन वर्षांनी ती पुन्हा करावी. ती कंटाळवाणी असते, गोड पाण्याने मळमळतं, लॅबमध्ये दोन तास बसावं लागतं. म्हणूनच ती टाळली जाते.

तिची मावसबहीण अनघा, तीही कल्पनेतलीच, 162 सेंटिमीटर आणि 74 किलो, हनुवटीवर केस, पाळी दोन-दोन महिन्यांनी. दोन पुरावे उघड आहेत, तिला सोनोग्राफीची गरजच नाही. नातेवाइकांच्या नजरेत ‘खरा पीसीओडी’ तिचाच. तिची दोन तासांची साखर 116 आली. याचा अर्थ तिला धोका नाही असा नव्हे, तिनेही दर एक-दोन वर्षांनी तपासायलाच हवी. पण त्या दिवशी जास्त काळजी लागली ती सडपातळ स्नेहलची. सरासरी घोळक्याला लागू पडते, बाकावर बसलेल्या एका मुलीला नाही.

सडपातळ शरीरात हे कसं लपतं, याचं एक बोलकं उदाहरण पुण्यातलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन या मधुमेहाच्या दोन संशोधकांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपले शेजारीशेजारी उभे असलेले फोटो छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. दोघेही पुरुष, पण मुद्दा तोच. भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि ती पोटाभोवती बसते. वजनाचा काटा ते दाखवत नाही. पीसीओएसच्या ज्या मुलीला ‘तू तर बारीक आहेस, तुला कसली साखर’ असं सांगून घरी पाठवतात, तिची कंबर मोजलेली असते का, एवढं विचारून पाहावं.

एक खबरदारी. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एसएचबीजी वाढतं आणि टेस्टोस्टेरॉनचे आकडे खाली येतात, म्हणून ही मोजणी करायची तर गोळ्या किमान तीन महिने बंद असाव्या लागतात, आणि तोवर दुसरी काळजी घ्यावी लागते. गोळ्यांवर दर महिन्याला येणारा रक्तस्राव ही पाळी सुधारल्याची खूण नसते; पाकीट संपल्यावर हार्मोन थांबतात म्हणून तो येतो. त्याचा उपयोग आहे, कारण गर्भाशयाचं अस्तर महिनोन्महिने साचू देणं बरं नाही. 90 दिवसांपेक्षा जास्त काळ पाळी आली नाही तर ते डॉक्टरांना सांगावं ते यासाठीच.

वयाप्रमाणे प्रकारही बदलतो. तिशी ओलांडली की फॉलिकल कमी होत जातात, सोनोग्राफी निवळते, चाळिशीकडे अनेकींची पाळी आपणहून सुरळीत होते. विशीतली अ चाळिशीत क दिसू शकते, किंवा कुठल्याच अक्षरात बसत नाही. बाईला वाटतं पीसीओडी गेला. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाणं थांबतं आणि मुलांच्या शाळेत, नोकरीत ते विसरूनही जातं. इन्शुलिनची कहाणी मात्र वयाबरोबर पुढे सरकते, पाळीबरोबर नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी ती फिजिशियनकडे रक्तदाबासाठी जाते तेव्हा ‘पाळी कशी होती’ हा प्रश्न तिथे सहसा कुणी विचारत नाही, त्यामुळे विशीतली ती जुनी फाइल तिने स्वतःच सोबत न्यावी.